‘एनीबडी डिडन्ट कम’: एका चुकीची चौकशी

मराठी वाक्य साधं होतं: ‘सभेला कोणीही आलं नाही.’ ते इंग्रजीत करायचं होतं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने वहीत लिहिलं, ‘एनीबडी डिडन्ट कम टू द मीटिंग.’ मी लाल पेनाने ‘एनीबडी’वर काट मारली, वर ‘नोबडी’ लिहिलं, ‘डिडन्ट कम’चं ‘केम’ केलं आणि वही परत दिली.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. “सर, वाक्यात नकार आहे. नकार असला की ‘एनी’ वापरायचं, हे तुम्हीच लिहून दिलंय. मग चूक कुठे झाली?”

मी म्हणालो, “इंग्रजीत असं म्हणत नाहीत.” ती ‘बरं’ म्हणाली आणि गेली, पण हे उत्तर मलाच टोचत राहिलं. वही मागून घेतली आणि मागची पानं चाळली. तीन आठवड्यांपूर्वी तिने याच धर्तीचं एक वाक्य ‘नोबडी डिडन्ट कम’ असं केलं होतं, आणि त्याखाली माझ्याच अक्षरात शेरा होता: ‘दोन नकार नकोत. नॉट असेल तर एनी.’ म्हणजे मुलीने सूचना तंतोतंत पाळली होती. पहिली चूक मराठीने करवली होती, दुसरी माझ्या शेऱ्याने.

पहिली चूक का होते ते चटकन कळतं. मराठीत ‘कोणीच आलं नाही’ म्हणताना क्रियापदाजवळचा ‘नाही’ सोडताच येत नाही. इंग्रजीत ‘नोबडी’ आला की नकार त्यातच संपतो. प्रश्न दुसऱ्या चुकीचा होता, आणि तो वाटला त्यापेक्षा खोल निघाला.

वही आणखी बारकाईने पाहिली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ‘शी डिडन्ट से एनीथिंग’, ‘आय डोन्ट हॅव एनी मनी’, ‘वुइ डिडन्ट मीट एनीबडी’ ही वाक्यं तिने बिनचूक लिहिली होती. कर्माच्या जागी आलेला एकही ‘एनी’ चुकला नव्हता. चुकला होता तो कर्त्याच्या जागचा. शिवाय एका पानावर ‘ही एव्हर डिडन्ट कॉल मी’ असं वाक्य सापडलं. तिला म्हणायचं होतं, ‘त्याने मला कधीही फोन केला नाही.’ तिथे ‘ही डिडन्ट एव्हर कॉल मी’ हवं होतं. म्हणजे ‘एव्हर’ चुकलं तेही नकाराच्या अलीकडे बसल्यामुळेच. शब्द योग्य, नकारही हजर, बिघडली होती ती फक्त जागा.

पुस्तकातला नियम दोन्हीकडून फसतो

शाळेच्या पुस्तकात नियम असतो: होकारी वाक्यात ‘सम’, नकारी आणि प्रश्नार्थक वाक्यात ‘एनी’. ‘एनी’, ‘एव्हर’, ‘येट’ अशा शब्दांना भाषाविज्ञानात नेगेटिव्ह पोलॅरिटी आयटम म्हणतात. इथे आपण त्यांना नकाराश्रयी शब्द म्हणू. त्यांना एकटं उभं राहता येत नाही, कुणाचा तरी आश्रय लागतो. ‘आय हॅव एनी मनी’ हे वाक्य अडखळतं, ‘आय डोन्ट हॅव एनी मनी’ सरळ जातं.

तिचं वाक्य नियमात बसत असूनही चुकीचं होतं. उलट बाजूने पाहिलं तर नियमात न बसणारी पण निर्दोष वाक्यं हवी तेवढी सापडतात. ‘एव्हरी स्टुडंट हू हॅड एनी डाउट स्टेड बॅक’, म्हणजे ज्या ज्या विद्यार्थ्याला काही शंका होती तो थांबला. यात नकार नाही, प्रश्नही नाही, तरी ‘एनी’ खुशाल बसला आहे. आता हेच तुकडे फिरवून पाहा: ‘एव्हरी स्टुडंट हू स्टेड बॅक हॅड एनी डाउट.’ वाक्य लगेच मोडलं. ‘एव्हरी’ तोच आणि ‘एनी डाउट’ही तेच. पहिल्या वाक्यात ‘एनी’ हा ‘कोणते विद्यार्थी’ हे सांगणाऱ्या भागात होता, दुसऱ्यात ‘त्यांचं काय’ हे सांगणाऱ्या भागात गेला.

एडवर्ड क्लिमा यांनी 1964 साली इंग्रजीतल्या नकारावर लिहिताना अशा आश्रयदात्यांची मोट बांधली होती. नकार, प्रश्न, ‘इफ’, ‘फ्यू’, ‘हार्डली’ अशा सगळ्यांत एक समान गुण असला पाहिजे असं त्यांनी मानलं आणि त्या गुणाला नावही दिलं. तो गुण नेमका कोणता, हे मात्र उलगडलं नाही. ते काम पुढे विल्यम लॅडुसॉ यांच्या 1979 सालच्या प्रबंधात झालं. त्याआधी फ्रान्सच्या जिल फोकोनिए यांनी अर्थाच्या उतरंडीचा विचार मांडला होता, त्यावर हे बांधलेलं आहे.

मुलीला मी ते मेथीच्या भाजीवरून समजावलं. मेथी ही एक भाजी आहे. ‘आजीने मेथी आणली’ खरं असेल तर ‘आजीने भाजी आणली’ हेही खरंच. साध्या वाक्यात आपण लहान गटाकडून मोठ्या गटाकडे निर्धास्त जाऊ शकतो. उलट जाता येत नाही, कारण आजीने भाजी आणली असली तरी ती दोडकी असू शकते. आता नकार घाला. ‘आजीने भाजी आणली नाही’ खरं असेल तर ‘आजीने मेथी आणली नाही’ हे आपोआप खरं ठरतं. वाट उलटली: आता मोठ्या गटाकडून लहान गटाकडे जाता येतं. अशा जागेला आपण उतरती जागा म्हणू. लॅडुसॉ यांचं म्हणणं असं, की नकाराश्रयी शब्दाला नकार हवा असतो असं नाही, त्याला उतरती जागा हवी असते. नकार ती तयार करणाऱ्यांपैकी एक, इतकंच.

‘एव्हरी’ची गंमत यात सुटते. ‘ज्या ज्या पाहुण्याने भाजी खाल्ली तो आजारी पडला’ हे खरं असेल तर ‘ज्या ज्या पाहुण्याने मेथी खाल्ली तो आजारी पडला’ हे खरं असलंच पाहिजे. ही जागा उतरती आहे, म्हणून इथे ‘एनी’ चालतो. पण ‘आजारी पडलेल्या प्रत्येक पाहुण्याने भाजी खाल्ली होती’ यावरून प्रत्येकाने मेथी खाल्ली होती असं काही म्हणता येत नाही, कारण कुणी दोडकी खाल्ली असेल. ही जागा उतरती नाही, इथे ‘एनी’ मोडतो. एका शब्दाच्या दोन हातांपैकी एकच हात आश्रय देतो. ही चाचणी कोणालाही घरबसल्या करता येते, आणि इतर नियमांपेक्षा ती मला आवडते याचं कारण हेच की तिला पाठांतर लागत नाही.

प्रश्नार्थक वाक्यांना मात्र ही चाचणी सरळ लावता येत नाही, कारण प्रश्न खरा किंवा खोटा नसतो. त्यावर वेगळी मांडणी करावी लागते, ती इथे नको.

मग तिचं वाक्य का मोडलं?

भाजीची चाचणी तिच्या वाक्याला लावली तर उलटंच उत्तर येतं. ‘कोणी आलं, असं घडलं नाही’ हा अर्थ धरला तर ‘कोणी’ची जागा उतरतीच आहे. कोणी माणूस आला नसेल तर कोणी शेजारीही आला नसणार. म्हणजे अर्थाच्या बाजूने तिचं काहीच चुकलं नव्हतं. चूक मांडणीची होती, आणि हे लॅडुसॉ यांनाही दिसलं होतं. त्यांनी अर्थाच्या अटीला क्रमाची एक जोडअट लावली: आश्रयदाता आणि आश्रित एकाच उपवाक्यात असतील तर आश्रयदाता आधी यायला हवा.

मीही मुलीला प्रथम एवढंच सांगितलं. “नॉट आधी, एनी नंतर.” तिने लगेच वाक्य सुधारलं. ‘देअर वॉजन्ट एनीबडी ॲट द मीटिंग’ लिहिलं, ‘आय डोन्ट थिंक एनीबडी केम’ लिहिलं. दोन्ही उत्तम. दुसऱ्या वाक्यात ‘एनीबडी’ कर्त्याच्याच जागी आहे हे विशेष, पण नकार वरच्या उपवाक्यात आधीच येऊन बसला आहे. म्हणजे कर्त्याच्या जागेचं ‘एनी’शी वाकडं नाही. वाकडं आहे ते नकाराच्या बाहेर राहण्याशी.

क्रम पुरेसा आहे का, हे बघायला मी तिला एक वाक्य दिलं: ‘द फॉर्म दॅट नोबडी साइन्ड हॅड एनी मिस्टेक्स.’ ज्या फॉर्मवर कोणीच सही केली नव्हती त्यात काही चुका होत्या, असं म्हणायचा हा प्रयत्न. तिने ते बरोबर ठरवलं. नकार आधी आहे, ‘एनी’ नंतर आहे, मग तिने दुसरं काय करावं? पण वाक्य चूक आहे. ‘नोबडी’ हा ‘ज्या फॉर्मवर’ या पोटवाक्याच्या आत कोंडलेला आहे, त्याचा हात बाहेरच्या ‘एनी’पर्यंत पोचत नाही.

इथे झाडाचं चित्र काढावं लागतं. वाक्य म्हणजे मण्यांची माळ नसते, ती वंशावळ असते. वाक्याला दोन मुलं: एक कर्ता, दुसरं बाकीचं विधान. विधानाला पुन्हा मुलं, त्यांना नातवंडं. एखाद्या शब्दाचा अधिकार चालतो तो त्याच्या सख्ख्या भावंडांवर आणि त्या भावंडांच्या सगळ्या संततीवर. भाषाविज्ञानात याला सी-कमांड म्हणतात. ‘एनीबडी डिडन्ट कम’मध्ये नकार विधानाच्या पोटी जन्मला आहे. त्याचं भावंड आहे ‘कम टू द मीटिंग’. ‘एनीबडी’ हा विधानाचा भाऊ, म्हणजे नकाराचा काका. पुतण्याचा अधिकार काकावर चालत नाही. ‘शी डिडन्ट से एनीथिंग’मध्ये ‘एनीथिंग’ हे नकाराच्या भावंडाचं मूल आहे, तिथे चालतो. फॉर्मच्या वाक्यात ‘नोबडी’चं सगळं गणगोत त्या पोटवाक्यातच आहे, ‘एनी मिस्टेक्स’ परक्या घरातलं.

मुलीला काका-पुतण्याचं पटलं, पण फॉर्मचं वाक्य आपल्याला आधी बरोबर का वाटलं, हे तिला खटकत होतं. खटकायला नको. इंग्रजी किंवा जर्मन ज्यांची जन्मभाषा आहे अशांचीही इथे फसगत होते आणि ती मोजलेली आहे. 2005 साली हाइनर ड्रेनहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मन वाचकांपुढे अशी वाक्यं ठेवली: ‘ज्या माणसाला दाढी नव्हती तो ‘येमाल्स’ सुखी होता.’ ‘येमाल्स’ म्हणजे इंग्रजीतलं ‘एव्हर’. नकार नुसताच पोटवाक्यात होता, म्हणजे वाक्य चूक. तरी नकाराचा पत्ताच नसलेल्या वाक्यांपेक्षा ही वाक्यं लोकांनी जास्त वेळा बरोबर ठरवली. घाईत वाचताना मन ‘इथे नकार होऊन गेला होता ना?’ एवढीच आठवण चाचपतं आणि पुढे जातं, तो कोणत्या घरातला होता हे तपासायला थांबत नाही. म्हणून अशा वाक्यांबाबत पहिल्या वाचनाच्या कौलावर विसंबू नये. दुसऱ्यांदा सावकाश वाचून ‘कोणाला दाढी नव्हती, आणि कोणाबद्दल काय सांगितलंय’ असं विचारलं की भ्रम उतरतो.

सी-कमांडची अटही पूर्ण पाण्यात बुडवून पाहिली तर कुठेतरी गळते. ‘अ डॉक्टर हू न्यू एनीथिंग अबाउट ॲक्युपंक्चर वॉज नॉट अव्हेलेबल’ हे वाक्य या विषयात प्रसिद्ध आहे आणि अनेक इंग्रजी भाषकांना ते चालतं. ‘एनीथिंग’ कर्त्याच्या पोटात आहे, नकार नंतर आणि खाली आहे. मग कसं चाललं? बहुधा असं की अर्थ लावताना संपूर्ण कर्ताच नकाराच्या पंखाखाली घेतला जातो: ‘असा डॉक्टर उपलब्ध होता, हे खरं नाही.’ पण मग ‘एनीबडी वॉज नॉट अव्हेलेबल’मध्ये तसंच का घेता येत नाही, हा प्रश्न उरतो. मी हे वाक्य तिला दाखवलं नाही. एका वेळी एक झाड पुरे.

मराठी का चुकत नाही

आता मूळ मुद्दा. मराठीत ‘कोणीही आलं नाही’ निर्वेध का चालतं? कर्ता आधी, ‘नाही’ शेवटी. इंग्रजीच्या अटीने हे मोडायला हवं होतं.

मराठीतला ‘नाही’ हा इंग्रजी ‘नॉट’सारखा नुसता चिकटवलेला तुकडा नाही. तो क्रियापदासारखा चालवला जातो: मी येत नाही, तू येत नाहीस, ते येत नाहीत, आणि भूतकाळात नव्हतो, नव्हतास, नव्हते. कर्त्याशी जुळण्याचं आणि काळ दाखवण्याचं काम तो स्वतःच्या अंगावर घेतो. अशा जागी बसलेला नकार विधानाच्या एका कोपऱ्यात राहत नाही, सबंध वाक्यावर छत्र धरतो, असं मानायला त्यामुळे आधार मिळतो. हिंदीबद्दल अनूप महाजन यांनी 1990 साली अशाच अंगाने मांडणी केली: तिथे आश्रयाची अट कानाला ऐकू येणाऱ्या रचनेवर तपासायची नाही, अर्थाच्या पातळीवर, नकार वर गेल्यानंतर तपासायची. मराठीला ही कल्पना तशीच्या तशी लावावी की नाही यावर वाद घालता येईल, पण दिशा तीच दिसते. इंग्रजीत अर्थाची अट आणि जागेची अट अशा दोन वेगवेगळ्या चौक्या आहेत. मराठीत कर्त्याला दुसरी चौकी लागतच नाही, म्हणून मराठी मुलीला ती असते हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

मराठीने मात्र एक गोष्ट उघडी ठेवली आहे जी इंग्रजीने झाकली. ‘एनी’कडे कितीही पाहिलं तरी त्याला उतरती जागाच का हवी, हे दिसत नाही. ‘एकही’कडे पाहा. ‘पेटीत एकही आंबा खराब निघाला नाही’ ठीक, ‘पेटीत एकही आंबा खराब निघाला’ अशक्य. शब्द फोडला तर ‘एक’ अधिक ‘ही’. हा ‘ही’ म्हणजे ‘सुद्धा’. ‘सुद्धा’ म्हणताना आपण एक उतरंड मनात धरतो आणि सांगतो की ही गोष्ट इतरांपेक्षा अनपेक्षित आहे. ‘मुख्यमंत्रीसुद्धा आले’ म्हणतो, ‘शेजारीसुद्धा आले’ म्हणायला काही खास कारण लागतं.

आता ‘एक आंबा खराब निघाला’ ही गोष्ट ‘दहा आंबे खराब निघाले’ यापेक्षा अनपेक्षित असू शकते का? नाही. दहा खराब असतील तर एक खराब असतोच. एक खराब निघणं ही सगळ्यांत किरकोळ घटना, आणि ‘ही’ सांगतो की ती सगळ्यांत नवलाची. दोघांचं भांडण होतं आणि वाक्य फुटतं. नकार घातला की उतरंड उलटी होते. ‘एक खराब निघाला नाही’ यावरून दोन नाही, दहा नाही, सगळंच निघतं. ते सगळ्यांत जोरकस विधान ठरतं, म्हणून नवलाचंही तेच. ‘ही’ समाधानाने बसतो. ‘एकही चूक झाली तर काम परत करावं लागेल’ हे नकाराशिवाय चालतं तेही याचमुळे, कारण ‘तर’च्या आधीची जागा उतरती आहे.

उत्पल लाहिरी यांनी 1998 साली हिंदीच्या ‘एक भी’ आणि ‘कोई भी’ यांचा उलगडा याच वाटेने केला. मराठी ‘कोणीही’लाही तो लागू पडतो: कोणी अधिक ही. ‘एनी’बद्दल निरित कॅडमन आणि फ्रेड लँडमन यांनी 1993 साली असंच काहीसं म्हटलं होतं, की ‘एनी’ विचाराचं क्षेत्र रुंदावतो, आणि रुंदावल्याने विधान जास्त जोरकस होत असेल तरच त्याला परवानगी मिळते. घरात बटाटे नाहीत म्हणणं एक, कोंब आलेलासुद्धा नाही म्हणणं दुसरं. इंग्रजी विद्यार्थ्याला ही गोष्ट कष्टाने पटवावी लागते. मराठी मुलीला ‘ही’ काढून आणि घालून पाहायला सांगितलं की पाच मिनिटांत दिसते. (‘कोणीच’ मात्र या हिशोबात बसत नाही. ‘च’चं गणित वेगळं आहे.)

पण ‘कोणीही’ म्हणजे ‘एनीबडी’ ही समजूत सरसकट धरायची नाही, कारण इंग्रजी एका शब्दात जे भरते ते मराठी वाटून देते. ‘डिड एनीबडी कम?’ याचं मराठी ‘कोणी आलं का?’ असं होतं. ‘कोणीही आलं का?’ कानाला खटकतं. ‘इफ एनीबडी कम्स, टेल मी’ म्हणजे ‘कोणी आलं तर सांग’. नकारात मात्र ‘कोणीही’ किंवा ‘कोणीच’. आणि मुभा देताना पुन्हा ‘कोणीही’: ‘एनीबडी कॅन कम’, कोणीही येऊ शकतं, कोणीही यावं आणि टपली मारून जावं. हा शेवटचा ‘एनी’ नकाराश्रयी नाही, तो ‘वाटेल तो’ या अर्थाचा आहे. ‘एव्हर’चंही तसंच: प्रश्नात ‘कधी’, नकारात ‘कधीही’ किंवा ‘कधीच’.

हा ‘वाटेल तो’ अर्थच तिच्या चुकीला इतकी वर्षं लपवून ठेवतो. परीक्षागृहाच्या दारावर ‘एनी स्टुडंट शुड नॉट लीव्ह द हॉल’ असं लिहिलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हवं असतं ‘नो स्टुडंट शुड लीव्ह द हॉल’. ‘शुड’मुळे वाचणारा ‘कोणताही विद्यार्थी घ्या, त्याने जाऊ नये’ असा अर्थ ओढूनताणून काढतो, सूचना पोचते आणि वाक्य भिंतीवर राहतं. ‘एनीबडी डिडन्ट कम’मध्ये मुभा देणारं काही नाही, घडून गेलेली एकच घटना आहे, म्हणून तिथे चूक नागडी पडते. त्यामुळे तपासताना मी आता वाक्य साध्या भूतकाळात टाकून पाहतो. ‘एनी स्टुडंट डिडन्ट लीव्ह द हॉल’ म्हटलं की सूचनेतला दोष कोणालाही ऐकू येतो.

वहीतला जुना शेरा मी खोडला. त्याजागी लिहिलं: ‘मराठीत कर्ता कोणीही/कोणीच/काहीही/काहीच असेल आणि शेवटी नाही असेल, तर इंग्रजीत नोबडी/नथिंगने सुरुवात कर आणि क्रियापदातला नकार काढ. कर्म असेल तर नॉट ठेव, एनी ठेव.’ हा शेरा काही सिद्धान्त नाही, पण निदान नवीन चूक शिकवत नाही. पुढच्या महिन्यात तिच्या वहीत ‘नथिंग हॅपन्ड’ आणि ‘नोबडी एव्हर टोल्ड मी’ अशी वाक्यं आली. दुसऱ्यात ‘एव्हर’ ‘नोबडी’च्या छत्राखाली आहे, हे तिने झाड काढून मला दाखवलं. काका-पुतण्यासकट.

मग एक दिवस तिने इंग्रजी पेपरातलं एक वाक्य आणलं. त्यात ‘ओन्ली’ होता आणि पुढे ‘एनी’. तिने आमच्या आजीवर बेतून प्रश्न केला: ‘ओन्ली आजी ब्रॉट एनी व्हेजिटेबल्स’ चालतं का? चालतं. तिने भाजीची चाचणी लावलेली होती. “सर, ‘फक्त आजीने भाजी आणली’ यावरून ‘फक्त आजीने मेथी आणली’ असं कुठे निघतं? आजीने मेथी आणलीच नसेल तर?” अगदी बरोबर हरकत. भाषावैज्ञानिक काइ फॉन फिंटेल यांनी 1999 साली यावर तोड सुचवली: ‘फक्त आजीने मेथी आणली’ यात ‘आजीने मेथी आणली’ हे गृहीत धरलेलं असतं. ते गृहीत आधी मान्य करा आणि मग चाचणी लावा. आजीने मेथी आणली हे मान्य, आणि भाजी आजीशिवाय कोणी आणली नाही हेही मान्य. तर मेथीही दुसऱ्या कोणी आणलेली नसणार. चाचणी उत्तीर्ण.

“मग मराठीतही चालायला हवं,” ती म्हणाली आणि मोठ्याने म्हणून पाहिलं, “फक्त आजीने काहीही आणलं.” दोघांनाही हसू आलं. आजी बाजारात गेली आणि वाट्टेल ते उचलून आली, एवढाच त्याचा अर्थ होत होता.